ठपका पॅडवर

पाळीत जांघेत आग व्हायला लागली की बाईचा पहिला संशय पॅडवर जातो. नुकतीच कंपनी बदललेली असेल तर विचारायलाच नको. मग दुसरं पाकीट आणलं जातं, ते मानवलं नाही तर तिसरं. पुरुष हाच संशय नव्या साबणावर किंवा कंडोमवर घेतात. दोघांचंही निदान मात्र घरून ठरूनच आलेलं असतं: "डॉक्टर, अ‍ॅलर्जी झालीय." त्वचारोगाच्या ओपीडीत हे वाक्य रोज कानावर पडतं आणि बऱ्याचदा ते चूक असतं. त्रास खरा असतो, चुकतं ते नाव. आणि नाव चुकलं की उपायही भलतीकडे जातात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. ही बाई एक नाही. अशा अनेकींच्या हकिगती जुळवून ती उभी केली आहे. वय बत्तीस, बँकेत नोकरी, रोज चौदा किलोमीटर स्कूटरवरून जाणं आणि तेवढंच येणं. जून महिन्यात तिने नेहमीचं पॅड सोडून नवं पातळ, जाळीदार वरच्या थराचं पॅड घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही जांघांच्या घडीत लाल पट्टे उमटले आणि चालताना चरचरायला लागलं. खाज जवळपास नव्हतीच, होती ती आग. पाळी संपल्यावर चार दिवसांत सगळं आपोआप निवळलं.

इथपर्यंतची गोष्ट नीट वाचली तर निदान तिच्यातच सापडतं. पट्टे दोन्ही बाजूंना सारखे आणि नेमके पॅडची कड आणि पंख जिथे घासतात तिथेच. खाजेपेक्षा आग जास्त. त्रास त्याच दिवशी सुरू झाला आणि पॅड थांबताच ओसरला. ही अ‍ॅलर्जी नव्हे. हे काचणं आहे. वैद्यकीय भाषेत याला क्षोभजन्य त्वचादाह म्हणतात, म्हणजे एखाद्या गोष्टीने त्वचेला थेट इजा होऊन आलेली सूज. यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचं कोणाशी वैर नसतं. पुरेसा ओलावा, पुरेशी उष्णता आणि पुरेसं घर्षण मिळालं तर कोणाचीही त्वचा सोलवटेल. विचारल्यावर कळलं की बँकेतलं स्वच्छतागृह इतकं घाण असतं की ती सकाळी साडेनऊला घातलेलं पॅड घरी येऊनच बदलायची. सलग आठ-नऊ तास, त्यात पावसाळी दमट हवा, तंग लेगिंग्ज आणि स्कूटरची सीट. पॅडची कंपनी कुठलीही असती तरी फार फरक पडला नसता.

पॅडला खरोखरची अ‍ॅलर्जी होतच नाही असं नाही. पॅडमध्ये वर प्लास्टिकच्या धाग्यांचा थर, आत लाकडाचा लगदा आणि पाणी शोषणारी पावडर, खाली चिकटवण्यासाठी गोंद आणि काही पॅडमध्ये सुगंध असतो. गोंदातल्या एखाद्या रसायनाची किंवा सुगंधाची अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, पण त्या मोजक्या आहेत. ओलावा आणि घासणं ही कारणं त्यांच्या कितीतरी पट जास्त दिसतात.

आता गोष्ट बिघडते. पुढच्या पाळीत पुन्हा पट्टे आले तेव्हा तिने ठरवलं की हे इन्फेक्शन आहे, स्वच्छता कमी पडतेय. आंघोळीच्या मगात अँटिसेप्टिकचं झाकणभर औषध टाकून ती दिवसातून दोनदा धुवायला लागली. हाताला फोड आला तर जे चालतं ते इथेही चालेल असं वाटणं साहजिक आहे, पण ही जागा हातासारखी नाही. बाहेरच्या ओठांवर साधी त्वचा असते, पण आतल्या ओठांवरचं कवच फार पातळ असतं आणि योनीच्या तोंडाशी तर ते जवळपास नसतंच. पुरुषांतही तसंच. १९६७ साली हावर्ड माइबाख आणि रॉबर्ट फेल्डमन या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं, तेव्हा अंडकोषाच्या पिशवीवरून ते हाताच्या पुढच्या भागापेक्षा सुमारे बेचाळीस पट जास्त आत गेलं. जे औषध तळहाताला निरुपद्रवी, तेच इथे भाजू शकतं. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण न पाहता अंदाजाने ओतलेल्या अँटिसेप्टिकमुळे अंडकोषाची कातडी सोलून निघालेले पुरुष प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाने पाहिलेले असतात. आणि त्यातले बहुतेक नायट्याच्या खाजेवर 'जंतू मारायला' गेलेले असतात.

साबणाचीही तीच गत. आपला नेहमीचा वडीचा साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू नऊ ते दहाच्या आसपास. बाहेरच्या त्वचेचा सामू साधारण पाच ते साडेपाच आणि प्रजननक्षम वयातल्या निरोगी योनीमार्गाचा तर ३.८ ते ४.५, म्हणजे चांगलाच आम्ल. तिथे राहणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू हे आम्ल बनवतात आणि बाकीच्या उपद्रवी जंतूंना दूर ठेवतात. म्हणजे आतला भाग धुवायची गरजच नसते; धुतल्याने उलट ती राखण उठते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने दिवसातून एकदा, फार तर दोनदा धुतला की पुरे. जाहिरातीत 'सामू संतुलित' म्हणून विकलं जाणारं इंटिमेट वॉश वडीच्या साबणापेक्षा सौम्य असेलही, पण त्यात सुगंध आणि टिकवणारी रसायनं असतात. आधीच चरचरणाऱ्या त्वचेला त्यांची गरज नाही.

आमच्या या बाईने ते वॉशही आणलं. शिवाय ऑफिसच्या पर्समध्ये ओल्या पुसण्या, म्हणजे वेट वाइप्सचं पाकीट ठेवलं. पाण्याची सोय नसलेल्या स्वच्छतागृहात ते सोयीचं वाटलं आणि ती दिवसातून चार-पाच वेळा पुसायला लागली. साधारण तीन आठवड्यांनी चित्र बदललं. आता आग कमी आणि खाज जास्त, तीही रात्री झोप उडवणारी. पुरळ जांघेपुरतं राहिलं नाही. पुढे ओटीपोटाकडे आणि मागे गुदद्वाराच्या घडीपर्यंत गेलं. लहान लहान पुटकुळ्या, मधूनच पाझरणं. पाळी नसतानाही त्रास सुरूच. आणि एक गोष्ट तिने डॉक्टरना सांगितलीच नाही, कारण तिला ती वेगळीच तक्रार वाटत होती: उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कोरडी होऊन भेगाळली होती. ती त्याचं खापर भांड्यांच्या साबणावर फोडत होती.

वाइप धरतो ती हीच बोटं. त्या तीन बोटांनी पॅडला निर्दोष सोडलं.

ही मात्र अ‍ॅलर्जी होती. आणि खऱ्या अ‍ॅलर्जीचं वेळापत्रक वेगळं असतं. पहिल्यांदा वापरल्यावर काहीच होत नाही. त्वचेतल्या पेशी त्या रसायनाची ओळख करून घेतात, लसिकाग्रंथींपर्यंत निरोप जातो आणि त्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात. यात दहा-पंधरा दिवस जातात, कधी महिने, कधी वर्षंही. एकदा ही तयारी झाली की पुढच्या प्रत्येक वेळी संपर्कानंतर एक ते तीन दिवसांत पुरळ येतं. म्हणून "हाच साबण मी पाच वर्षं वापरतेय, त्याने कसं होईल?" हा बचाव टिकत नाही. पाच वर्षं वापरलेल्या वस्तूचीच अ‍ॅलर्जी सहाव्या वर्षी होऊ शकते. दुसरा फरक मात्रेचा. काचण्यात जितकं घर्षण तितका त्रास, कमी केलं की कमी होतो. अ‍ॅलर्जीत थोडीशी मात्राही पुरते. आणि तिसरा फरक पसरण्याचा: अ‍ॅलर्जीचं पुरळ संपर्काच्या जागेच्या बाहेरही सरकतं.

डॉक्टरकडे येण्याआधी अजून एक टप्पा झाला, जो आपल्याकडे हमखास होतो. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. अशा ट्यूबमध्ये बहुधा एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक अँटिबायोटिक असतं. काहीही असलं तरी काहीतरी लागू पडेल या हिशोबाचा हा मसाला. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा नियम आहे, पण तो दुकानाच्या दाराशीच थांबतो. चार दिवसांत खाज गेली, कारण स्टेरॉइड दाह दाबतं. थांबवल्यावर दुप्पट जोमाने आली. महिनोन्‌महिने असं चाललं की जांघेची कातडी कागदासारखी पातळ होते आणि लालसर-जांभळे ताणाचे वण उमटतात. ते कायमचे राहतात. शिवाय मूळ रोग नायटा असेल तर त्याची ओळखीची गोल कड पुसली जाते आणि डॉक्टरलाही फसायला होतं. वर आणखी, अशा ट्यूबमधलं निओमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा क्रीम टिकवणारं रसायन स्वतःच अ‍ॅलर्जी करू शकतं. औषधच दुखणं वाढवतंय ही शक्यता रुग्णाच्या डोक्यात येत नाही, कधीकधी डॉक्टरच्याही.

तपासणीचा मार्ग सरळ आहे, पण धीर लागतो. तिच्या पाठीवर सोमवारी लहान लहान गोल वाट्यांच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. प्रत्येक वाटीत एकेक संशयित रसायन ठराविक प्रमाणात. सुगंधांचं मिश्रण, टिकवणारी रसायनं, रबरातली रसायनं, निओमायसिन असं बरंच काही. भारतात यासाठी ठरलेला एक प्रमाण संच आहे. त्यासोबत तिच्या पॅडच्या वरच्या थराचा आणि गोंदाच्या पट्टीचा तुकडा आणि वाइपचा तुकडाही लावला. इंटिमेट वॉश मात्र तसंच लावायचं नसतं. धुऊन टाकायची वस्तू दोन दिवस बंद झाकणाखाली ठेवली तर कोणाचीही त्वचा लाल होईल आणि खोटी अ‍ॅलर्जी दिसेल. ते पाण्यात खूप पातळ करून लावतात. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम नाही. बुधवारी पट्ट्या काढून पाहिलं, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. दुसरं वाचन महत्त्वाचं, कारण क्षोभाचा लालपणा तोवर फिकट होतो आणि अ‍ॅलर्जीचा चढतो. पाठीवर आठवडाभर आधीपासून स्टेरॉइड मलम नको आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. खाजेच्या नेहमीच्या गोळ्यांनी मात्र ही चाचणी बिघडत नाही.

शुक्रवारी पाठीवर दोन जागा उठून दिसत होत्या: वाइपचा तुकडा आणि मेथिलआयसोथायाझोलिनोन. पॅडचे दोन्ही तुकडे स्वच्छ. हे लांबलचक नावाचं रसायन पाण्याच्या वस्तूंमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. शाम्पू, हँडवॉश, वाइप्स, भिंतीचा रंग, कुठेही. त्याच्यामुळे होणाऱ्या अ‍ॅलर्जी इतक्या वाढल्या की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला त्या वर्षाचं 'अ‍ॅलर्जेन' म्हणून जाहीर केलं आणि युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली. आपल्याकडे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ते इंग्रजीत छापलेलं असतं. चष्मा लावून आयसोथायाझोलिनोन या शेवटाचं नाव शोधावं.

उपचाराची यादी निराशाजनक वाटावी इतकी छोटी होती. वाइप्स, वॉश, अँटिसेप्टिक, पावडर, ट्यूब सगळं बंद. धुवायला फक्त कोमट पाणी. टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं आणि टॉवेलने न घासता टिपायचं. त्यावर बिनवासाच्या साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. डॉक्टरने ठरावीक दिवसांसाठी एक स्टेरॉइड दिलं, पण ते क्रीम नव्हे, ऑइंटमेंट. तेलकट ऑइंटमेंटमध्ये पाणी नसल्याने टिकवणारी रसायनं बहुधा लागत नाहीत. अंतर्वस्त्रं सुती, सैल, आणि धुताना पावडर नीट निघेपर्यंत दोनदा खळबळलेली. दोन-तीन आठवड्यांत त्वचा भरली. पॅडसाठी बँकेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाची किल्ली मागून घेतली आणि चार-सहा तासांनी बदलायला सुरुवात केली. तिने जुन्याच कंपनीचं पॅड परत आणलं, पण नव्या पॅडनेही चाललं असतं.

सगळ्याच खाजा अशा नसतात. दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज म्हणजे कॅन्डिडा बुरशी असू शकते. वेदनादायक फोड किंवा व्रण, दुर्गंधी, ताप, लघवीला त्रास असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं. पाळी गेलेल्या बाईला पांढुरके, चुरगळलेल्या कागदासारखे चट्टे आणि सततची खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो आणि तो वेळीच तपासून, उपचार घेऊन लक्षात ठेवायचा रोग आहे.

आता कंडोमकडे. इथे घड्याळाचा काटा वेगळ्या तऱ्हेने फिरतो. कंडोम वापरल्यावर काही मिनिटांतच योनीमुखाला किंवा शिश्नाला खाज सुटणं, सूज येणं आणि दोन-चार तासांत ओसरणं ही दुसऱ्या जातीची अ‍ॅलर्जी असू शकते. ती तात्काळ होते, कारण रक्तातली 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्यं तयारच बसलेली असतात. त्यांचा शत्रू आहे रबराच्या झाडाच्या चिकातली प्रथिनं.

आपल्या देशातलं सरकारी कंडोमचं उत्पादन १९६९ साली तिरुवनंतपुरमच्या हिंदुस्थान लॅटेक्सच्या कारखान्यात सुरू झालं. झाडाचा पांढरा चीक टिकावा म्हणून त्यात अमोनिया घालतात, गंधक आणि 'अ‍ॅक्सिलरेटर' म्हणजे रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून काही रसायनं मिसळतात, काचेचे साचे त्यात बुडवून भट्टीत वाळवतात आणि मग पाण्याने धुतात. या धुण्यात प्रथिनं बरीचशी निघून जातात, पण सगळी नाही. म्हणजे एकाच कंडोममध्ये दोन गुन्हेगार असू शकतात: झाडाची प्रथिनं, ज्यांचा त्रास मिनिटांत होतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर, ज्यांचं पुरळ एक-दोन दिवसांनी येतं, जांघेपर्यंतही पसरतं. पहिल्याची चाचणी रक्तातून किंवा टोचून होते, दुसऱ्याची वर सांगितलेल्या पट्ट्यांनी. टोचण्याची चाचणी आपत्कालीन सोय असलेल्या ठिकाणीच करावी; घरी 'एकदा वापरून बघू' हा प्रयोग तर मुळीच नको.

फुगा फुगवल्यावर ओठ सुजणं, दंतवैद्याच्या हातमोज्यांनी तोंडाभोवती खाज येणं, केळं, अव्होकाडो किंवा किवी खाल्ल्यावर तोंडात झिणझिणणं, ही लॅटेक्स अ‍ॅलर्जीची पूर्वसूचना असते, कारण या फळांतली काही प्रथिनं रबराच्या प्रथिनांसारखी दिसतात. ज्यांच्या बालपणी बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या त्यांच्यात आणि रोज रबरी हातमोजे घालणाऱ्या नर्स-डॉक्टरांत ही जास्त आढळते. सगळी गडबड कंडोमच्या रबराचीच असते असंही नाही. 'जास्त वेळ टिकणाऱ्या' कंडोममध्ये भूल देणारं बेन्झोकेन असतं, तेही अ‍ॅलर्जी करू शकतं; वासाच्या कंडोममध्ये सुगंध; काही जेलमध्ये नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक, जे थेट क्षोभ करतं. म्हणून आधी साधा, बिनवासाचा, बिनऔषधी कंडोम वापरूनही त्रास होतो का हे पाहणं शहाणपणाचं, अर्थात आधीचा त्रास सौम्य असेल आणि अंगावर गांधी उठत नसतील तरच. उलट, कंडोमशिवाय संबंध आल्यावर त्रास होतो आणि कंडोम वापरला तर होत नाही, असं असेल तर संशय वीर्यातल्या प्रथिनांवर जातो. तीही अ‍ॅलर्जी असते, पण विरळा.

लॅटेक्सची अ‍ॅलर्जी ठरली की कंडोमच सोडून द्यायचा हा तोडगा नाही. गर्भ आणि संसर्ग दोन्हीचा धोका तसाच राहतो. पॉलियुरेथेनचे आणि पॉलिआयसोप्रीनचे कंडोम मिळतात, जरा महाग. पॉलिआयसोप्रीनमध्ये झाडाची प्रथिनं नसतात, पण अ‍ॅक्सिलरेटर असू शकतात. म्हणून ज्यांना अ‍ॅक्सिलरेटरची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी पॉलियुरेथेन निवडावा. स्त्रियांसाठी नायट्राइलचा कंडोमही आहे. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुरळावर लावायला दिलेली पेट्रोलियम जेली किंवा घरचं खोबरेल लॅटेक्सचा कंडोम फाडतं. १९८९ सालच्या एका प्रयोगात खनिज तेल एक मिनिट लागल्यावर लॅटेक्स कंडोमची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. रात्री जेली लावायची असेल तर ती संबंधानंतर.

अंगभर गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणं, छातीत घरघर, चक्कर यांपैकी काही झालं तर ती फक्त त्वचेची तक्रार राहत नाही. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावं. आणि लॅटेक्सची अ‍ॅलर्जी एकदा ठरली की ती दंतवैद्य, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ तिघांच्याही कागदावर आधीच लिहून घ्यावी. बायकांसाठी यात एक फारसं कोणाला न सुचणारं ठिकाण आहे. योनीमार्गातून सोनोग्राफी करताना आपल्याकडे यंत्राच्या दांडीवर बहुधा साधा लॅटेक्सचा कंडोमच चढवतात. टेबलावर आडवं होण्याआधी "मला लॅटेक्स चालत नाही" एवढं सांगितलं तर तंत्रज्ञ दुसरं आवरण आणि नायट्राइलचे हातमोजे काढू शकतो. ऐनवेळी ते दवाखान्यात नसण्याची शक्यता असते, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगावं.